मथळ्यातलं इंग्रजी : प्रस्तावना

१६ एप्रिल १९१२ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर हा मथळा होता : ‘टायटॅनिक सिंक्स फोर अवर्स आफ्टर हिटिंग आइसबर्ग, ८६६ रेस्क्यूड बाय कार्पेथिया, प्रॉबेब्ली १२५० पेरिश, इस्मे सेफ, मिसेस अ‍ॅस्टर मेबी, नोटेड नेम्स मिसिंग’. शाळेत व्याकरणाच्या वहीतून इंग्रजी शिकलेल्या माणसाला यात आधी चुकाच दिसतील. जहाज आदल्या दिवशी पहाटे बुडालं, मग ‘सिंक्स’ कसं? टायटॅनिकच्या आधी ‘द’ कुठे गेलं, आइसबर्गच्या आधी ‘अ‍ॅन’ कुठे गेलं? ‘८६६ रेस्क्यूड’ म्हणजे ८६६ जणांनी वाचवलं की ८६६ जणांना वाचवलं? आणि ‘मिसेस अ‍ॅस्टर मेबी’ हे वाक्य आहे तरी का? तरीही अमेरिकेतल्या ज्या वाचकाने त्या सकाळी पेपर उघडला, तो यातल्या एकाही जागी अडखळला नसेल. त्याला ठाऊक असलेले नियम वेगळे होते आणि ते त्याला कुणी शिकवलेले नव्हते. रोज पेपर वाचून ते त्याच्या अंगवळणी पडले होते.

हे पुस्तक त्या नियमांचं आहे. ज्यांना इंग्रजी बातमी नीट समजते पण तिच्या डोक्यावरचा मथळा कळत नाही, अशा मराठी वाचकांसाठी ते लिहिलं आहे. असे वाचक पुष्कळ आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं आहेत, मराठी दैनिकांच्या डेस्कवर इंग्रजी वृत्तसंस्थांच्या कॉपीचं भाषांतर करणारे नवे उपसंपादक आहेत, आणि निवृत्तीनंतर इंग्रजी पेपर लावलेले माझ्यासारखे लोकही आहेत. एक तांत्रिक सूचना इथेच देतो. या प्रस्तावनेत मथळे देवनागरीत दिले आहेत, कारण वाचताना दर ओळीला लिपी बदलायची म्हटलं की सूत्र हातातून सुटतं. पुढच्या प्रकरणांत ते छापल्याप्रमाणे आहेत.

मथळा आखूड का असतो याचं उत्तर बहुतेक लोक ‘तार’ असं देतात. तारेत शब्दागणिक पैसे पडत, म्हणून शब्द गाळायची सवय लागली, असं ते म्हणतात. त्यात तथ्य असेलही, पण मथळ्याचा खरा धनी कॉलमची रुंदी हा आहे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात एककॉलमी मथळ्यासाठी अक्षरं मोजावी लागत, कारण खिळा दाबून बसवता येत नाही. इंग्रजी डेस्कवर मोजायची एक ठरलेली रीत होती. लहान लिपीतलं साधारण अक्षर एक, एम आणि डब्ल्यू दीड, तर आय, एल, टी, एफ, जे ही बारीक अक्षरं अर्धी. ओळीची बेरीज कॉलमच्या मापापलीकडे गेली की मथळा परत यायचा. ‘इन्व्हेस्टिगेशन’ लिहायला साडेदहा अक्षरांची जागा लागते, ‘प्रोब’ पाचांत बसतो. म्हणून चौकशी म्हणजे ‘प्रोब’, राजीनामा देणं म्हणजे ‘क्विट’, वाद म्हणजे ‘रो’, प्रयत्न म्हणजे ‘बिड’, विचार करणं म्हणजे ‘मल’, आणि आपल्याकडच्या पेपरांत अटक होणं म्हणजे ‘हेल्ड’. बोलताना नुसतं ‘मल’ सहसा कुणी म्हणत नाही. तो शब्द बहुतेक मथळ्यातच दिसतो.

याच हिशेबात ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ गेले. ते एका दिवसात गेले नाहीत. लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्या बातमीच्या १५ एप्रिल १८६५ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये वरची ओळ होती ‘ऑफुल इव्हेंट’, आणि तिच्याखाली ‘प्रेसिडेंट लिंकन शॉट बाय अ‍ॅन असॅसिन’. पहिल्या ओळीत क्रियापद नाही, नुसती पाटी आहे. दुसऱ्या ओळीत ‘वॉज’ गळलेलं आहे, पण ‘अ‍ॅन’ अजून जागेवर आहे. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी टायटॅनिकच्या मथळ्यात एकही उपपद उरलेलं नाही आणि पाटीच्या जागी चालतं-बोलतं क्रियापद आलं आहे.

मराठी वाचकाला वाटतं, उपपदं गेली तर आपलं काय बिघडतं? आपल्या भाषेत ती मुळातच नाहीत. उलट इंग्रजीत ती कुठे घालायची याचाच आपल्याला शाळेत त्रास होता. पण ‘द’ आणि ‘अ’ यांचं एक काम आपल्या लक्षात येत नाही. ‘पुढे नाम येतंय’ ही वर्दी ते देतात. इंग्रजीतले पुष्कळ शब्द नामही असतात आणि क्रियापदही : प्लॅन, बॅन, कट, रेड, हाइक, प्रोब, स्टे. ‘द बॅन’ म्हटलं की ते नाम आहे हे पक्कं होतं. नुसतं ‘बॅन’ म्हटलं की दोन्ही दारं उघडी राहतात. मराठीत हा प्रश्न फारसा येत नाही, कारण ‘बंदी’ आणि ‘बंदी घालतो’ यांची रूपं वेगळी असतात आणि नामाला विभक्ती लागली की ते नाम म्हणून ओळखू येतं. म्हणून मथळ्यात खरी कसोटी लागते ती यापैकी क्रियापद कोणतं हे शोधताना. या पुस्तकातलं जवळपास सगळं या एका शोधाभोवती आहे.

न्यायालयाच्या पानावरचं साधं उदाहरण घेऊ : ‘एससी स्टेज एचसी ऑर्डर’. एससी म्हणजे सर्वोच्च न्यायालय, एचसी म्हणजे उच्च न्यायालय, इतकं इंग्रजी पेपरच्या वाचकाला सवयीनं माहीत होतं. पण ‘स्टे’ म्हणजे राहणं हाच अर्थ डोक्यात असेल तर वाक्य लागत नाही. इथे ‘स्टे’ म्हणजे स्थगिती देणं. ‘स्टेज’मधला शेवटचा ‘ज’ म्हणजे इंग्रजीतला एस. तो एकवचनी कर्त्याच्या वर्तमानकाळी क्रियापदाला लागलेला आहे, आणि इथे तोच सगळं सांगून जातो. डावीकडे कर्ता, उजवीकडे कर्म, मध्ये एसवालं क्रियापद. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या आदेशाला स्थगिती दिली. ‘दिली’, कारण हे कालच घडलं. इंग्रजी मथळ्यात घडून गेलेली ताजी घटना साध्या वर्तमानकाळात लिहितात. पुढे घडायची असेल तर ‘टू’ लावतात, जसं ‘सीएम टू व्हिजिट दिल्ली’. मराठी मथळा ही गोष्ट सरळ भूतकाळात सांगतो : सरकार कोसळलं, निकाल लागला, पाऊस परतला. त्यामुळे ‘गव्हर्नमेंट फॉल्स’ वाचताना मराठी मनात ‘सरकार कोसळतं’ असं काहीतरी सुविचारासारखं उमटतं. ते सवयीनेच जातं.

पण वर्तमानकाळ समजून घेण्यापेक्षा मोठी अडचण त्याच्या पाठीमागे उभी असते. ताज्या घटनेसाठी वर्तमानकाळ वापरायचं ठरल्यावर साधा भूतकाळ मथळ्यात जवळपास मोकळा झाला. मग ‘ईडी’ने संपणारं रूप दिसलं तर ते काय? ते असतं कर्मणी प्रयोगातलं धातुसाधित, ज्याच्या आधीचं ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ गळलं आहे. हा नियम एकदा मनात पक्का बसला की अर्ध्याहून जास्त मथळे सुटतात, आणि तो बसला नाही तर गोष्टी उलट्या वाचल्या जातात.

जुन्नरच्या बिबट्यांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, म्हणून त्याच घेऊ. समजा दोन मथळे आहेत. एक ‘लेपर्ड अटॅक्स फार्मर इन जुन्नर’, दुसरा ‘फार्मर अटॅक्ड इन जुन्नर’. पहिला सरळ आहे : बिबट्याने शेतकऱ्यावर हल्ला केला. दुसरा घाईने वाचणारा विद्यार्थी ‘शेतकऱ्याने हल्ला केला’ असा लावतो, कारण शाळेत ‘अटॅक्ड’ म्हणजे ‘हल्ला केला’ असंच पाठ झालेलं असतं. मथळ्याच्या व्याकरणात त्याचा अर्थ ‘शेतकऱ्यावर हल्ला झाला’ असाच होतो. शेतकऱ्याने कुणावर हल्ला केला असता तर उपसंपादकाने ‘फार्मर अटॅक्स’ लिहिलं असतं. म्हणजे भूतकाळ टाळल्यामुळे जो वाचला, त्या रूपाने कर्मणीचं काम अंगावर घेतलं. भाषांतर डेस्कवर नवख्याकडून होणारी सगळ्यात महागडी चूक हीच. यात काळ चुकत नाही, हल्ला करणारा आणि मार खाणारा यांची अदलाबदल होते.

आता यातला खाचखळगा. काही इंग्रजी क्रियापदांचं भूतकाळी आणि कर्मणी रूप मूळ रूपासारखंच असतं : हिट, कट, हर्ट, पुट, स्प्लिट. तिथे ‘ईडी’ची खूण मिळत नाही. कर्ता एकवचनी असेल तर एसवरून कळतं. ‘क्वेक हिट्स’ म्हटलं की भूकंपाने तडाखा दिला. कर्ता अनेकवचनी झाला की तीही खूण जाते. ‘रेन्स हिट मुंबई’ आणि ‘ट्रेन सर्व्हिसेस हिट’ यांतला ‘हिट’ डोळ्यांना एकच दिसतो. पहिल्यात पावसाने मुंबईला तडाखा दिला, दुसऱ्यात लोकल सेवेला फटका बसला. यावर उपाय म्हणजे क्रियापदाच्या पुढे पाहायचं. पुढे लगेच एखादं नाम कर्म म्हणून उभं असेल, जसं इथे मुंबई, तर क्रियापद कर्तरी. पुढे काहीच नसेल, किंवा ‘इन’, ‘बाय’, ‘फॉर’, ‘ओव्हर’ असलं काही असेल, तर कर्मणी. ‘टेन हर्ट इन बस फायर’ : ‘इन’ आलं, म्हणून दहा जण जखमी. ‘टू हेल्ड फॉर एटीएम थेफ्ट’ : ‘फॉर’ आलं, म्हणून दोघांना अटक.

ही कर्माची कसोटी आणखी एका ठिकाणी कामाला येते. साधा भूतकाळ मथळ्यातून पूर्ण हद्दपार झालेला नाही. घटना जुनी असेल आणि आज फक्त ती उघडकीला आली असेल, तर भूतकाळ परत येतो. ‘ऑफिशियल्स इग्नोअर्ड वॉर्निंग्ज : पॅनेल’ असा मथळा समजा. समितीचा अहवाल काल आला, पण अधिकाऱ्यांनी इशाऱ्यांकडे दुर्लक्ष केलं ते कित्येक महिन्यांपूर्वी. ‘इग्नोअर’ असं वर्तमानकाळात लिहिलं असतं तर दुर्लक्ष कालच झाल्यासारखं वाटलं असतं. इथे ‘वॉर्निंग्ज’ हे कर्म पुढे आहे, म्हणून ‘इग्नोअर्ड’ कर्तरी आणि खरोखर भूतकाळी. विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर आलेला ‘पॅनेल’ म्हणजे हे म्हणणारा कोण ते. ती टिंबं काढून टाकली तर समितीचा आरोप पेपरचं स्वतःचं विधान होऊन बसतं, म्हणून ती दुर्लक्षू नयेत.

मग कर्माच्या कसोटीवर डोळे मिटून विसंबावं का? नाही. ज्या क्रियापदांना दोन कर्मं लागतात तिथे ती फसते. देणं, नाकारणं, मंजूर करणं, दंड करणं ही त्यातली नेहमीची. ‘स्टुडंट डिनाइड अ‍ॅडमिशन’ यात ‘अ‍ॅडमिशन’ हे नाम क्रियापदाच्या पुढे उभं आहे. कसोटी लावली तर ‘विद्यार्थ्याने प्रवेश नाकारला’. वस्तुस्थिती अशी की विद्यार्थ्यालाच प्रवेश नाकारला गेला. ‘अक्यूज्ड ग्रँटेड बेल’ तर अधिकच गमतीदार. यात ‘ईडी’वाली रूपं दोन आहेत. पहिलं आपल्या कोर्टकचेरीच्या इंग्रजीत सरळ नाम झालं आहे, अक्यूज्ड म्हणजे आरोपी. दुसरं कर्मणी. आरोपीला जामीन मंजूर झाला. इथे व्याकरणापेक्षा व्यवहारज्ञान उपयोगी पडतं : जामीन देणारा आरोपी नसतो, प्रवेश नाकारणारा विद्यार्थी क्वचितच असतो. या क्रियापदांची यादी छोटी आहे आणि ती तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी दिली आहे. ती पाठच करावी, दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

एवढं हाताशी आल्यावर टायटॅनिककडे परत जाता येईल. ‘सिंक्स’ला एस आहे, कर्ता एकवचनी : जहाज बुडालं. ‘रेस्क्यूड बाय कार्पेथिया’ यात ‘बाय’ आहे, म्हणजे कार्पेथिया या जहाजाने ८६६ जणांना वाचवलं. ‘पेरिश’ला एस नाही, कारण कर्ता १२५० जण आहेत, आणि पुढे कर्म नसलं तरी ते कर्मणी होत नाही, कारण मरण पावणं या क्रियापदाचा कर्मणी होतच नाही. ‘इस्मे सेफ’ यात ‘इज’ गळला. इस्मे हे जहाज कंपनीचे प्रमुख. आणि ‘मिसेस अ‍ॅस्टर मेबी’ : अ‍ॅस्टरबाई कदाचित. कदाचित काय? आधीच्या तुकड्यातला ‘सेफ’ पुढे ओढून घ्यायचा. कोट्यधीश अ‍ॅस्टर यांच्या पत्नी वाचल्या असाव्यात.

यातले आकडे आज तपासले तर बरेचसे चुकलेले आहेत. जहाज हिमनगाला धडकलं रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी आणि बुडालं २ वाजून २० मिनिटांनी, म्हणजे चार तास नव्हे, पावणेतीन तासही नाहीत. वाचलेले सातशेच्या आसपास होते आणि मेलेले सुमारे पंधराशे. पण मथळा लिहिणाऱ्याने दोन ठिकाणी हात राखून ठेवला होता : १२५० च्या आधी ‘प्रॉबेब्ली’ आणि अ‍ॅस्टरबाईंच्या पुढे ‘मेबी’. कॉलममध्ये जागेची इतकी मारामारी असताना या दोन शब्दांना जागा मिळाली, याचा अर्थ डेस्कवर कुणालातरी आपल्या वर्तमानकाळाची भीती वाटत होती. ती वाटायलाच हवी. वर्तमानकाळी मथळ्यात ‘घडलं’ आणि ‘घडणार हे आम्हाला नक्की वाटतं’ यांत व्याकरण काहीच भेद करत नाही.

ही भीती न वाटल्याचं उदाहरण जगप्रसिद्ध आहे. ३ नोव्हेंबर १९४८ च्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने छापलं : ‘ड्यूई डिफीट्स ट्रूमन’. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीची मोजणी तेव्हा सुरू होती. छपाई कामगारांच्या संपामुळे पेपरला नेहमीपेक्षा लवकर पान सोडावं लागत होतं, म्हणून डेस्कने अंदाजावर भरवसा ठेवला. निवडून आले ट्रूमन, आणि सेंट लुइसच्या रेल्वे स्थानकावर तोच अंक उंचावून हसणारं त्यांचं छायाचित्र राहिलं. राजकीय अंदाज चुकणं समजण्यासारखं आहे. मला यातलं व्याकरण पाहण्यासारखं वाटतं. हा मथळा भूतकाळात लिहिण्याची रीत असती तर ‘हरवलं’ हे क्रियापद लिहिताना, आपण घडून गेल्याची साक्ष देतो आहोत हे त्या उपसंपादकाला जाणवलं असतं. ‘डिफीट्स’ लिहिताना ते जाणवत नाही. अंदाज आणि निकाल तिथे एकाच रूपात बसतात.

वर्तमानकाळाचा एक साइड इफेक्ट आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज दिसतो. जुन्या इंग्रजी पेपरच्या कात्रणाचा फोटो तारीख कापून फिरायला लागला की मथळ्यातला ‘स्टेज’, ‘बॅन्स’, ‘हाइक्स’ आजचाच वाटतो. मराठी कात्रणाचंही असं होतं, पण ‘दिली’, ‘घातली’ या रूपांमुळे ‘हे कधी घडलं?’ हा प्रश्न निदान मनात येतो. इंग्रजी कात्रण आलं की आधी तारखेचं टोक शोधावं.

आता नामांच्या माळेकडे. इंग्रजी मथळ्यात चार, पाच, सहा नामं एकापाठोपाठ एक, मध्ये काहीही न जोडता लावलेली असतात. समजा : ‘ठाणे ब्रिज कोलॅप्स प्रोब पॅनेल हेड क्विट्स’. सात शब्द, त्यातले पहिले सहा नामासारखे. कोलॅप्स, प्रोब, हेड हे तिन्ही क्रियापदंही होऊ शकतात, म्हणून गोंधळ वाढतो. वाचायची रीत अशी : उजवीकडून सुरू करायचं आणि आधी एसवालं क्रियापद धरायचं. ‘क्विट्स’, कुणीतरी राजीनामा दिला. त्याच्या लगतचं नाम हा कर्ता : ‘हेड’, प्रमुखाने. कशाच्या प्रमुखाने? ‘पॅनेल’, समितीच्या. कसल्या? ‘प्रोब’, चौकशीच्या. कशाच्या? ‘कोलॅप्स’, कोसळण्याच्या. काय कोसळलं? ‘ब्रिज’. कुठला? ‘ठाणे’. जोडून लिहिलं तर : ठाण्यातील पूल दुर्घटनेच्या चौकशी समितीच्या प्रमुखांचा राजीनामा.

त्या मराठी ओळीतला क्रम आता इंग्रजी मथळ्याशी ताडून पाहा. ठाणे, पूल, दुर्घटना, चौकशी, समिती, प्रमुख, राजीनामा. अगदी तोच क्रम, फक्त जागोजागी ‘च्या’ आणि ‘चा’ आले. याउलट हीच गोष्ट इंग्रजी बातमीच्या मजकुरात लिहिली तर सगळा क्रम उलटा होतो : आधी प्रमुख, मग समिती, मग चौकशी, शेवटी ठाणे, आणि मध्ये ‘ऑफ’ची रांग. म्हणजे इंग्रजी मथळ्यातली नामांची माळ मराठी सामासिक पद्धतीच्या फार जवळ आहे. ‘शेतकरी कर्जमाफी योजना’ हे ज्याला सहज कळतं, त्याला ही माळ कळायला हवी. ती कळत नाही, कारण आपण ती इंग्रजीसारखी डावीकडून वाचायला बसतो आणि पहिल्या नामालाच कर्ता समजतो. मुलांना मी सांगतो, माळेत ‘च्या’ घाला आणि पुढे जा. दहापैकी आठ वेळा काम होतं.

उरलेल्या दोन वेळा ‘च्या’ पुरत नाही, कारण दोन नामांमधलं नातं मथळा सांगत नाही. ‘पोलीस फायरिंग’ म्हणजे पोलिसांनी केलेला गोळीबार. ‘लेपर्ड डेथ’ म्हणजे बिबट्याचा मृत्यू, बिबट्यामुळे झालेला मृत्यू नव्हे. ‘लेपर्ड अटॅक’ म्हणजे बिबट्याने केलेला हल्ला, पण ‘माइग्रंट अटॅक’ म्हणजे स्थलांतरितांवर झालेला की त्यांनी केलेला, हे त्या दोन शब्दांत नाही. ते पहिल्या परिच्छेदात असतं, आणि तो वाचल्याशिवाय बोलू नये. असे संदिग्ध जोड मुद्दाम वापरले जातात का, हा प्रश्न मला विचारला गेला आहे. बहुतेक वेळा नाही. जागा नसते आणि डेस्कवर वेळ नसतो. पण कधीकधी हो.

माळ चुकीच्या जागी तोडली की काय होतं याचे नमुने अमेरिकेत इतके जमले की १९८० मध्ये ‘कोलंबिया जर्नालिझम रिव्ह्यू’ने त्यांचं पुस्तक काढलं. त्याचं नावच एक मथळा आहे : ‘स्क्वॉड हेल्प्स डॉग बाइट व्हिक्टिम’. लिहिणाऱ्याच्या मनात ‘डॉग बाइट व्हिक्टिम’ ही तीन नामांची माळ होती, कुत्रा चावलेल्या माणसाला पथकाने मदत केली. पण ‘बाइट’ क्रियापदही होऊ शकतं. मग पथक कुत्र्याला चावायला मदत करतं असा अर्थ निघतो. जोडरेघ असती तर हे झालं नसतं. ‘अ डॉग-बाइट व्हिक्टिम’ एवढं लिहिलं की वर्दी मिळते आणि माळ एकसंध राहते.

मला सगळ्यात आवडतं ते ऑगस्ट २००९ मधलं ‘जपान टुडे’चं उदाहरण, कारण त्यात वरचे तिन्ही प्रश्न एका ओळीत आले आहेत : ‘व्हायोलिनिस्ट लिंक्ड टू जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’. जेएएल म्हणजे जपान एअरलाइन्स. १२ ऑगस्ट १९८५ रोजी तिचं १२३ क्रमांकाचं विमान डोंगरावर कोसळून ५२० जण दगावले. आता मथळा लावू. ‘लिंक्ड’ला ‘ईडी’ आहे, पुढे ‘टू’ आहे, म्हणून आपल्या कसोटीप्रमाणे ते कर्मणी : व्हायोलिनवादकाचा संबंध जोडला गेला. कशाशी? ‘जेएएल क्रॅश ब्लॉसम्स’शी. तीन नामांची माळ : जपान एअरलाइन्सच्या अपघाताची फुलं. अपघाताची फुलं म्हणजे काय? इथेच थांबायचं आणि मागे फिरायचं. कर्मणी रूप नेहमीच मुख्य क्रियापद असतं असं नाही, ते कर्त्याचं विशेषणही असू शकतं. मग मुख्य क्रियापद दुसरीकडे शोधायला हवं. उजवीकडून पाहिलं तर शेवटचा शब्द एसवाला आहे. तेच ते : ‘ब्लॉसम्स’, बहरते. कर्ता कोण? व्हायोलिनवादक. कसली? त्या अपघाताशी जिचा संबंध आहे अशी. त्या विमानात वडील गमावलेली मुलगी व्हायोलिनवादक म्हणून नावारूपाला आली, एवढीच बातमी होती. ‘हू वॉज’ हे दोन शब्द असते तर कुणी अडखळलं नसतं. या मथळ्यावरूनच अशा दुहेरी वाचल्या जाणाऱ्या इंग्रजी मथळ्यांना ‘क्रॅश ब्लॉसम’ म्हणायची प्रथा पडली.

यातून वाचकासाठी एक व्यावहारिक सवय मिळते. पहिल्या वाचनात मथळा हास्यास्पद किंवा अशक्य वाटला, कुत्र्याला मदत करणारं पथक किंवा अपघाताची फुलं दिसली, तर आपलं इंग्रजी कच्चं आहे असं समजू नये. आपण क्रियापद चुकीचं पकडलं आहे इतकंच. एसने संपणारा दुसरा शब्द शोधावा, त्याला क्रियापद करावं आणि ओळ पुन्हा लावावी.

विरामचिन्हांबद्दल इथे जास्त लिहीत नाही, त्यावर वेगळं प्रकरण आहे. स्वल्पविराम बहुधा ‘आणि’च्या जागी असतो. एकेरी अवतरणातला शब्द दुसऱ्या कुणाचा असतो, पेपर त्याची हमी घेत नाही. ‘आफ्टर’ आणि ‘अमिड’ हे कारण सुचवतात पण सांगत नाहीत, त्यामुळे भाषांतरात त्यांचं ‘मुळे’ कधीच करू नये.

पुस्तक वाचायची एक रीत सुचवतो. सराव न्यायालय आणि गुन्हे यांच्या पानांपासून सुरू करावा. तिथले मथळे एकसुरी असतात, क्रियापदं थोडीच आणि तीच पुन्हा पुन्हा येतात, आणि एसवालं रूप जागेवर सापडतं. त्यानंतर अर्थ-व्यापार, कारण तिथे नामांच्या माळा लांब असतात. क्रीडा पान सगळ्यात शेवटी. तिथे संघांची टोपणनावं येतात, क्रियापद अनेकदा नसतंच, आणि ‘इंडिया’ या एकवचनी दिसणाऱ्या नावापुढे अनेकवचनी क्रियापद येतं, ‘इंडिया विन’, कारण ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत संघ म्हणजे अकरा माणसं. एसचा शोध तिथे कामाचा नाही. प्रत्येक सरावात मथळा आधी आहे, त्याच्याखाली तो गाळलेल्या शब्दांसह पूर्ण लिहिण्यासाठी रिकामी ओळ आहे आणि बातमीचा पहिला परिच्छेद पान उलटल्यावर आहे. ओळ भरायच्या आधी पान उलटू नये.